आठ छोटी कंत्राटं आणि एक पूर्णवेळ जागा: फ्रीलान्सरच्या रिझ्युमेला गुण कसे द्यायचे

जागा होती बॅकएंड डेव्हलपरची, पूर्णवेळ. जेडीमधली, म्हणजे जागेच्या वर्णनातली, पहिलीच ओळ होती ‘पायथनमध्ये किमान ४ वर्षांचा अनुभव’. समोर आलेल्या रिझ्युमेत नोकरी एकही नव्हती. तीन वर्षांत आठ कामं होती, कुठलं दोन महिन्यांचं, कुठलं बारा महिन्यांचं, काही एकाच वेळी चाललेली. उमेदवाराने वर लिहिलं होतं ‘४ वर्षांहून अधिक अनुभव’. आमच्या सॉफ्टवेअरने मात्र त्याच रिझ्युमेवर ‘वारंवार नोकरी बदल’ असा शिक्का मारला होता.

दोघंही आपापल्या परीने बरोबर होते आणि दोघांचंही उत्तर निरुपयोगी होतं. उमेदवाराने सगळ्या कामांचे महिने एकाखाली एक मांडून बेरीज केली होती. सॉफ्टवेअरने प्रत्येक काम म्हणजे सोडलेली नोकरी असं धरलं होतं. असा रिझ्युमे आला की मी तो कसा मोजते, ते याच उदाहरणावर दाखवते. ओळख पटू नये म्हणून कामांचे तपशील बदलले आहेत.

आधी जेडी मोडून घ्या

रिझ्युमे उघडण्याआधी जेडीकडे बघायचं. ‘४ वर्षं’ ही अट बहुतेक वेळा कुठल्या तरी दुसऱ्या गोष्टीच्या जागी उभी असते. हायरिंग मॅनेजरला मी एकच प्रश्न विचारते: “हा माणूस रुजू झाला, तर तिसऱ्या महिन्यात तुम्ही मागे न उभं राहता त्याला काय जमायला हवं?” या वेळी उत्तर आलं, की चालू सिस्टीममध्ये बिघाड झाला तर तो शोधून दुरुस्त करता यावा आणि दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये हात घालायला त्याने घाबरू नये. यात वर्षं कुठेच नाहीत.

वर्षं अगदीच निरर्थक आहेत असं नाही, पण त्यांच्यात दम कमी असतो. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद मांडली. तीत अनुभवाची वर्षं आणि प्रत्यक्ष कामगिरी यांच्यातला संबंध ० ते १ च्या पट्टीवर ०.१८ निघाला, तर ठरलेले प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीचा ०.५१. पुढे २०२२ मध्ये झालेल्या फेरतपासणीत दोन्ही आकडे खाली आले, पण मुलाखत वर आणि वर्षं खाली हा क्रम तसाच राहिला.

तर जेडीचे पाच तुकडे केले आणि मॅनेजरकडूनच त्यांना वजन लावून घेतलं. पायथनमधलं सर्व्हरचं काम ३०, डेटाबेसची रचना २०, चालू सिस्टीम सांभाळणं २५, टीमच्या कोडमध्ये काम करणं १५ आणि पेमेंट गेटवेची जोडणी १०. एकूण १००. शॉर्टलिस्टची रेषा ६० वर. ही वजनं रिझ्युमे बघण्याआधी ठरली पाहिजेत. नंतर ठरवली, तर आवडलेल्या उमेदवाराच्या बाजूने ती हळूच सरकतात, आणि आपण सरकवली हे आपल्यालाही कळत नाही.

वेळ एकदा नाही, तीनदा मोजा

ही तिची आठ कामं. शेवटच्या रकान्यात पूर्णवेळेचा किती हिस्सा ते आहे. आठवड्याचे ४० तास म्हणजे १, वीस तास म्हणजे ०.५.

| काम | काळ | महिने | हिस्सा |
|---|---|---|---|
| क. ऑर्डर घेणारी सिस्टीम (पायथन) | जाने.–जून २०२१ | ६ | ०.५ |
| ख. अपॉइंटमेंटची सिस्टीम (पायथन) | एप्रिल–ऑगस्ट २०२१ | ५ | ०.५ |
| ग. जुन्या डेटाबेसमधून नव्यात स्थलांतर | ऑक्टो.–डिसें. २०२१ | ३ | १ |
| घ. ‘क’च्याच क्लायंटकडे देखभालीचं रिटेनर (पायथन) | फेब्रु. २०२२–जाने. २०२३ | १२ | ०.२५ |
| च. पेमेंट जोडणी, चार जणांची टीम (पायथन) | मार्च–ऑगस्ट २०२२ | ६ | ०.७५ |
| छ. वर्डप्रेसची साइट | नोव्हें.–डिसें. २०२२ | २ | १ |
| ज. मालवाहतुकीचा माग ठेवणारी सिस्टीम (पायथन) | फेब्रु.–ऑक्टो. २०२३ | ९ | ०.५ |
| झ. अंतर्गत अहवालांचं साधन (पायथन) | जून–नोव्हें. २०२३ | ६ | ०.५ |

हिस्सा रिझ्युमेत कुणीच लिहित नाही. तो फोनवर विचारावा लागतो, आणि मोघम विचारला की उत्तरही मोघमच येतं. “पार्ट टाइम होतं का?” असं विचारू नका. “आठवड्याला साधारण किती तास बिल करत होता?” असं विचारा. बिलाचे तास फ्रीलान्सरला तोंडपाठ असतात, कारण पैसे त्यावरच आलेले असतात. काम ठोक रकमेवर घेतलेलं असेल, तर आठवड्याचे किती दिवस त्यासाठी राखून ठेवले होते ते विचारा.

मग स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक महिन्याला एक रकाना द्यायचा. जानेवारी २०२१ ते डिसेंबर २०२३ असे छत्तीस रकाने, B पासून AK पर्यंत. प्रत्येक काम एका ओळीत, आणि ज्या महिन्यांत ते चालू होतं तिथे हिस्सा भरायचा. पायथनची सहा कामं दुसऱ्या ते सातव्या ओळीत घ्यायची, बाकीची दोन त्यांच्याखाली. दहाव्या ओळीत फक्त पायथनची महिनेवार बेरीज:

```
B10:  =SUM(B2:B7)        (AK10 पर्यंत ओढा)
AM10: =COUNTIF(B10:AK10,">0")
AN10: =SUM(B10:AK10)
```

पायथनच्या सहा कामांचे महिने नुसते एकाखाली एक मिळवले तर ४४ होतात. COUNTIF म्हणतं ३०, कारण एकाच वेळी दोन कामं चालू असली तरी कॅलेंडरचा महिना एकच सरतो. SUM म्हणतं २०.५, म्हणजे पूर्णवेळेच्या हिशेबात हातावेगळं केलेलं काम. तिची ‘४ वर्षं’ कुठून आली तेही इथे कळतं: आठही कामांचे महिने मिळवले की ४९.

यातला ४४ सरळ सोडून द्या. एप्रिल, मे आणि जून २०२१ हे महिने तो दोनदा मोजतो. अशीच पुनरावृत्ती पुढे २०२२ आणि २०२३ मध्येही आहे. उरलेले दोन आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. ३० सांगतो, की ही व्यक्ती या तंत्राच्या सहवासात किती काळ आहे. २०.५ सांगतो, की हात किती चालला आहे. नोकरदार उमेदवाराला आपण फक्त पहिला प्रश्न विचारतो. चार वर्षं पायथनच्या नोकरीत असलेल्या माणसाने त्यातला किती वेळ बैठकांत घालवला आणि किती सुट्टीवर, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे तुलना करताना फ्रीलान्सरचा ३०च घ्यायचा. २०.५ घेतला तर एकाला कापडाच्या गजाने आणि दुसऱ्याला सोनाराच्या काट्याने मोजल्यासारखं होईल. मग २०.५ कशाला काढायचा? कारण तो कधीकधी खोट पकडतो. बारा महिन्यांचं रिटेनर, म्हणजे दरमहा ठरावीक तासांसाठी बांधून घेतलेलं काम, प्रत्यक्षात महिन्याला दोन तासांचं असलं, तर पहिला आकडा ते लपवतो आणि दुसरा उघडं पाडतो.

याच शीटमध्ये आणखी एक तपासणी फुकट मिळते. खाली सर्व आठ कामांची महिनेवार बेरीज करून बघा. तिच्याकडे सर्वांत जास्त आकडा १.२५ आला, नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२२ मध्ये. म्हणजे आठवड्याचे पन्नास तास, दोन महिने. पटण्यासारखं आहे. हाच आकडा सहा-सहा महिने १.७५ किंवा २ दिसला, तर एक तर हिस्से फुगवलेले आहेत, नाही तर काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं जात होतं. दुसरी शक्यता वाईटच असते असं नाही, पण मग तो अनुभव पायथनचा कमी आणि काम वाटून देण्याचा जास्त.

सप्टेंबर २०२१, जानेवारी २०२२ आणि डिसेंबर २०२३ हे तीन महिने रिकामे आहेत. त्यांचे गुण कापायचे नाहीत. दोन कंत्राटांमधला महिना हा या धंद्याचा भाग आहे. नव्या क्लायंटशी बोलणी, अडकलेली बिलं वसूल करणं हे सगळं त्यातच होतं.

तीस महिने म्हणजे अडीच वर्षं. जेडीच्या चाळणीत ती इथेच गळाली असती. पण चार वर्षांची अट आपण आधीच मोडून तिच्या जागी पाच तुकडे ठेवले आहेत, म्हणून आता गुणांकडे.

गुणांची पायरी शब्दांत लिहून ठेवा

प्रत्येक कामाला, प्रत्येक तुकड्यासाठी ० ते ४ गुण. आकड्यांचा अर्थ आधी लिहून ठेवला नाही, तर तुमचा ३ आणि माझा ३ वेगळा होतो. मी वापरते ती पट्टी अशी: उल्लेखच नाही तर ०. नुसतं साधनाचं नाव घेतलंय तर १. दुसऱ्याने ठरवलेलं काम करून दिलं तर २. निर्णय स्वतः घेतला आणि का घेतला ते सांगता येतं तर ३. निर्णय घेतला, तो वापरात जाताना पाहिला, त्यातली चूक भोगली आणि स्वतः सुधारली तर ४.

चार गुणांना वेळ लागतो. तीन महिन्यांचं काम सोपवून निघून गेलेल्या माणसाला स्वतःच्या निर्णयाचे परिणाम दिसतच नाहीत. त्यामुळे बरेच फ्रीलान्सर ३ वर अडकतात. यात अन्याय नाही. छोट्या कंत्राटाची ती खरी मर्यादा आहे आणि गुणांमध्ये ती दिसली पाहिजे.

आता आठ कामांचे गुण एकत्र कसे करायचे? सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बेरीज केली तर २ गुणांची सहा कामं मिळून डोंगर होतो, पण दुसऱ्याने ठरवलेलं काम सहा वेळा केल्याने निर्णय घेता येतो असं सिद्ध होत नाही. सरासरी काढली तर वर्डप्रेसच्या साइटचा शून्य चांगल्या कामांना खाली ओढतो, आणि पोटापाण्यासाठी घेतलेल्या कामाची शिक्षा होते. सर्वांत मोठा गुण घेतला तर एकाच नशीबवान कामावर सगळा डोलारा उभा राहतो. मी दुसऱ्या क्रमांकाचा गुण घेते. एकदा जमलं तो योगायोग असू शकतो. वेगळ्या क्लायंटकडे, वेगळ्या कोडमध्ये पुन्हा जमलं, तर ते त्या माणसाचं.

याला दोन अपवाद ठेवले आहेत. एकाच ठिकाणचं काम नऊ महिने किंवा जास्त चाललेलं असेल, तर तो एकटा गुणही धरायचा. आणि क्लायंटने फोनवर नेमका तपशील सांगून दुजोरा दिला, तरीही धरायचा. “छान काम केलं” हा दुजोरा नाही. नोकरदार उमेदवारांनाही हीच पट्टी लावायची, फक्त त्यांच्याकडे ‘काम’ म्हणजे नोकरीतली एकेक ठळक जबाबदारी. हे केलं नाही, तर फ्रीलान्सरसाठी वेगळी परीक्षा घेतल्यासारखं होतं.

तिचे गुण

पायथनमध्ये ‘च’ आणि ‘ज’ला ३-३, बाकीच्यांना २. दुसऱ्या क्रमांकाचा गुण ४ पैकी ३, म्हणून ३० पैकी २२.५. डेटाबेसमध्ये ‘ग’ला ३, ‘क’ आणि ‘ज’ला २. तर २ धरून २० पैकी १०. टीमच्या कोडमध्ये ‘च’ला ३, ‘ज’ला २, म्हणून १५ पैकी ७.५. पेमेंटमध्ये ‘च’ला ३, ‘क’ला २, म्हणजे १० पैकी ५.

राहिला चालू सिस्टीम सांभाळण्याचा तुकडा. इथे ‘घ’ला ३ आणि त्याखालोखाल ‘ज’ला १. नुसता नियम लावला तर १, म्हणजे २५ पैकी ६.२५, आणि एकूण ५१.२५. रेषेच्या बऱ्याच खाली. पण ‘घ’ हे बारा महिन्यांचं रिटेनर आहे, म्हणून पहिला अपवाद लागतो: ३ धरून १८.७५. एकूण ६३.७५.

त्या रिटेनरकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. ज्या क्लायंटने जून २०२१ मध्ये काम संपवून तिला निरोप दिला, त्यानेच सात महिन्यांनी तिला परत बोलावलं. फ्रीलान्सरच्या रिझ्युमेत मला याहून भारी पुरावा क्वचितच दिसतो. शिफारसपत्र भिडेखातर मिळतं, पण दुसरं कंत्राट देताना खिशात हात घालावा लागतो. गंमत म्हणजे अशी पुनरागमनं रिझ्युमेत बहुतेक वेळा दोन सुट्या ओळींत विखुरलेली असतात, कारण लिहिणाऱ्यालाच त्यांचं मोल कळलेलं नसतं. म्हणून क्लायंटची नावं जुळवून बघा. मध्ये एजन्सी असेल तर नाव एजन्सीचं असतं. मग आतला क्लायंट तोच होता का, हे विचारा. नाव सांगायची गरज नाही.

फोनवर एकच प्रश्न खोलात न्या

फोनवर मी विचारलं, “‘क’चं काम सोपवल्यानंतर काय बिघडलं?” काहीच नाही, असं उत्तर आलं असतं तर त्याचा अर्थ एवढाच, की तिला कळलं नाही.

ती म्हणाली, “ऑर्डरी दुप्पट पडत होत्या. सगळ्या नाही, थोड्याच. मला परत बोलावलं ते त्यासाठीच.”

“कारण काय होतं?”

“माझंच होतं. पेमेंट झालं की गेटवे आमच्या सर्व्हरला वेबहुकने कळवतो. आमच्याकडून वेळेत उत्तर गेलं नाही, तर तो तोच निरोप पुन्हा पाठवतो. मी उत्तर द्यायच्या आधी ग्राहकाला ईमेल पाठवत बसले होते. ईमेलचा सर्व्हर मंद असला की उत्तराला उशीर, मग दुसरा निरोप, मग दुसरी ऑर्डर.”

दुरुस्ती विचारली, तर तिने दोन सांगितल्या. ईमेल रांगेत टाकून गेटवेला उत्तर आधी द्यायचं, आणि प्रत्येक निरोपाचा आयडी डेटाबेसमध्ये युनिक करून ठेवायचा, म्हणजे तोच निरोप दहादा आला तरी ऑर्डर एकच. मी विचारलं, पहिली दुरुस्ती पुरली नसती का? “नसती. उशीर कमी झाला असता, पण गेटवे पुन्हा पाठवू शकतो हे बदललं नसतं.”

दुसऱ्याच्या कामावर स्वतःचं नाव लावणाऱ्याची गाडी “पुरली नसती का” या प्रश्नाला अडते. पहिलं उत्तर पाठ करता येतं, नाकारलेल्या पर्यायाचं कारण पाठ करता येत नाही.

या उत्तराने ‘घ’ला सिस्टीम सांभाळण्यात ४ द्यायचा मोह झाला. पट्टीतला शब्द न् शब्द जुळत होता. तरी मी ३च ठेवले, कारण या जेडीत आळीपाळीने रात्रीची ऑन-कॉल ड्यूटी आहे आणि आठवड्याला दहा तासांच्या रिटेनरमध्ये ती कधी आलेली नाही. उलट एक गुण अनपेक्षित ठिकाणी वाढला. हे सगळं पेमेंटचंच काम होतं आणि रिझ्युमेत ‘घ’ समोर पेमेंटचा उल्लेखही नव्हता. आता पेमेंटमध्ये ‘च’ आणि ‘घ’ दोन्ही ३ वर आले, म्हणून ५ चे ७.५ झाले.

‘ग’च्या क्लायंटशीही बोलणं झालं. नव्या डेटाबेसची रचना कुणी ठरवली, असं विचारल्यावर ते म्हणाले, की आमच्या माणसाने आखलेली रचना तिने पहिल्याच आठवड्यात बदलायला लावली, कारण एकाच ग्राहकाचे दोन पत्ते त्यात बसत नव्हते. हा तपशिलासह दुजोरा. दुसरा अपवाद लागला, डेटाबेसचे १० चे १५ झाले. एकूण ७१.२५.

पुराव्याबद्दल एक सांभाळायचं. काही कामं गोपनीयतेच्या करारात असतात. त्यांच्यासाठी रक्कम झाकलेलं इन्व्हॉइस किंवा कराराचं तारखा असलेलं पान पुरतं. कोड मागू नका. आणि न मागता कुणी क्लायंटचा कोड उघडून दाखवला, तर प्रभावित होण्याआधी लक्षात घ्या, की उद्या तुमचाही असाच दाखवला जाईल.

मॅनेजरला काय पाठवायचं

नुसता ७१.२५ पाठवला, तर मॅनेजर तो शेजारच्या उमेदवाराच्या ७० शी ताडून बघतो आणि सव्वा गुणाचा फरक खरा मानतो. तो खरा नसतो. माझ्याच पट्टीवर एका कामाचा एक गुण इकडेतिकडे झाला, तर एकूण आकडा साडेसात गुणांपर्यंत हलू शकतो. म्हणून आकड्याखाली कारण लिहायचं. तिच्या शीटखाली मी लिहिलं होतं:

“पायथनचा काळ ३० महिने, ४८ नाही. स्वतःच्या कोडमधला बिघाड शोधून दुरुस्त केल्याचा पुरावा पक्का. एकच क्लायंट दोनदा. टीममध्ये सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काम केलेलं नाही. रात्रीची ऑन-कॉल ड्यूटी कधीच केलेली नाही. मुलाखतीतला पहिला अर्धा तास या शेवटच्या दोन गोष्टींवर घालवावा, पायथनवर नाही.”